दुकान सांभाळून भाड्याच्या घरांची मध्यस्थी: पैसे कधी मागायचे आणि कुठे थांबायचं

प्रश्न: "माझं विद्यापीठाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. सागरमाळ, राजेंद्रनगर भागात रूम आहे का म्हणून रोज कोणीतरी विचारतं. आजवर पाच-सहा जणांना घर मिळवून दिलं. एकाने पेढे दिले, बाकीचे फिरकले नाहीत. आता हे नीट करायचं आहे. कमिशन किती घ्यायचं, कोणाकडून? ओळखीच्या माणसांकडे पैसे मागायचे कसे? लायसन्स लागतं का? एक स्कीमवाला म्हणतोय, गिऱ्हाईक आणा, फ्लॅटमागे पन्नास हजार देतो. तेही करावं का?"

मी कोल्हापुरात टाकाळा, प्रतिभानगर आणि राजारामपुरीच्या काही गल्ल्या एवढ्याच भागात एकोणीस वर्षं हे काम करतो. सकाळी दहा ते सहा एका पेढीत हिशेबनीस आहे, घरं दाखवणं संध्याकाळी आणि रविवारी. त्यामुळे तुमच्यासारख्यालाच उपयोगी पडेल असं सांगतो. पूर्णवेळ एजंटांचं गणित वेगळं असतं.

ज्यांनी पेढेही दिले नाहीत त्यांना दोष देऊ नका. तुम्ही त्यांना मदत केली, काम केलं नाही. निदान त्यांना तरी तसंच वाटलं. घर मिळून गेल्यावर मागितलेला पैसा माणसाला लुबाडणूक वाटतो. तोच आकडा घर दाखवायच्या आधी सांगितला, तर तो दर असतो आणि त्यावर बोलणी होतात. कमिशन किती हा प्रश्न त्यामुळे दुसरा. पहिला प्रश्न कधी सांगायचं हा, आणि त्याचं उत्तर एकच आहे: घराचा पत्ता सांगण्याआधी.

दराबाबत सरकारने काहीही ठरवून दिलेलं नाही. भाड्याच्या घराला भाडेकरूकडून एक महिन्याचं भाडं मागणारे एजंट आपल्याकडे आहेत, मालकाकडूनही तेवढंच घेणारे आहेत, आणि पंधरा दिवसांच्या भाड्यावर काम करणारेही आहेत. मी दोघांकडून अर्ध्या-अर्ध्या महिन्याचं घेतो आणि दोघांनाही सांगतो की दुसऱ्याकडूनही घेतोय. हे लपवलं तर एक दिवस जिन्यात मालक आणि भाडेकरू बोलतात, आणि त्या गल्लीतलं तुमचं नाव गेलं म्हणून समजा. दुसरा एजंट मध्ये असेल तर तो त्याच्या माणसाकडून घेतो, मी माझ्या माणसाकडून. हेही फोनवरच आधी ठरवायचं. तुमच्या भागात कॉट बेसिसवर राहणारी मुलं जास्त. दोन-अडीच हजारांच्या कॉटवर अर्धं भाडं मागत बसू नका. मुलाकडून काही न घेता मालकाकडून दर कॉटला ठरावीक रक्कम घ्या. मालकाला दर जूनला खोल्या भरायच्या असतात. त्याची गरज कायमची आहे, मुलगा दोन वर्षांत निघून जाणार.

एक व्यवहार पहिल्यापासून सांगतो, म्हणजे क्रम कळेल.

गेल्या वर्षी एक जोडपं आलं. तो गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात, ती खासगी दवाखान्यात नर्स. आधी मी घराचं काहीच बोललो नाही. माणसं किती, गाड्या किती, तिची रात्रपाळी असते का, बजेट किती, गावाकडून आई-वडील येऊन राहणार का, एवढं विचारलं. रात्रपाळी असेल तर दहा वाजता गेट बंद करणाऱ्या मालकाचं घर दाखवण्यात अर्थ नसतो. माझ्याकडे शंभरपानी वही आहे. प्रत्येक घराला एक पान: कोणता मजला, पाणी कधी येतं आणि किती वेळ, टाकी स्वतंत्र की सामाईक, मीटर वेगळा का, मालक तिथेच राहतो का, आधीचा भाडेकरू का गेला. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. त्या वहीतून दोन घरं निवडली. दोनच. दहा घरं दाखवणाऱ्याला माणसाची गरज कळलेली नसते.

निघायच्या आधी त्याच्या मोबाइलवर हा मेसेज टाकला: "प्रतिभानगरमधलं पहिल्या मजल्याचं घर आज दाखवत आहे. भाडं ११,०००, डिपॉझिट ५०,०००. करार नोंद झाला तर माझं कमिशन ५,५००, मालकांकडूनही तेवढंच. करार नाही झाला तर काही नाही." त्याने 'ओके' लिहिलं. मालकीणबाईंनाही तसाच मेसेज पाठवला. लिखाणाची ताकद कोर्टात जाण्यासाठी मी कधी वापरली नाही, वापरावी लागली नाही. पण एकदा 'ओके' लिहिलेला माणूस सहसा मागे फिरत नाही. तरीही वर्षात एखादा परस्पर मालकाला गाठून मला टाळतोच. त्याच्या मागे मी लागत नाही. मालकाला मात्र शांतपणे सांगतो की पुढच्या वेळी मी तुमचं घर दाखवणार नाही, आणि तो शब्द पाळतो.

घर पसंत पडलं. आता इथे बहुतेक जण चुकतात. भाडेकरू म्हणतो, "टोकन पाच हजार तुमच्याकडे ठेवा, मी उद्या गावाला जातोय." घेऊ नका. सुरुवातीच्या काळात मी असे पाच हजार हातात घेतले होते. रात्री मालकाचा फोन आला, की पुतण्याचं लग्न ठरलं, घर आता द्यायचं नाही. मी पैसे परत केले, पण भाडेकरूने तोवर जुनं घर सोडायची नोटीस दिली होती. तो मला म्हणाला, "टोकन तुम्ही घेतलं, म्हणजे घर तुम्ही कबूल केलं." त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून टोकन, डिपॉझिट, भाडं, यातला एक रुपयाही माझ्या हातातून किंवा माझ्या खात्यातून जात नाही. थेट मालकाच्या खात्यात, आणि खात्यावरचं नाव करारातल्या नावाशी जुळलं पाहिजे.

या जुळण्यावर जरा थांबतो, कारण माझी सर्वांत मोठी चूक इथलीच आहे. एका गृहस्थांनी दुमजली घराचा वरचा मजला दाखवायला दिला. किल्ली त्यांच्याकडे, राहणं खाली, शेजारी त्यांना मालकच म्हणायचे. भाडेकरूने साठ हजार डिपॉझिट दिलं. दोन महिन्यांनी गडहिंग्लजहून त्यांची बहीण आली. घर वडिलांच्या पश्चात दोघांच्या नावावर होतं आणि वरच्या मजल्याबद्दल भावंडांचा वाद चालू होता. भाडेकरूला सामान हलवावं लागलं आणि डिपॉझिट परत मिळायला आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत तो दर रविवारी माझ्या घरी यायचा. भांडायचा नाही, नुसता बसायचा. चहा घेऊन जायचा.

आता मी नवं घर वहीत घेण्याआधी तीन कागद बघतो: घरफाळ्याची चालू पावती, लाइट बिल आणि मालमत्ता पत्रक, फ्लॅट असेल तर खरेदीखताचा इंडेक्स टू. घरफाळ्याची पावती मालकी सिद्ध करत नाही, लाइट बिल तर नाहीच. पण तिन्हीवर वेगवेगळी नावं दिसली की विचारायचं कुठे ते कळतं. वारसांची नावं दोन-चार असतील तर करारावर सगळ्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर एकाला रीतसर मुखत्यारपत्र दिलेलं हवं. मालक म्हणाला, "एवढं कशाला, मला ओळखत नाही का?" तर मी म्हणतो, "काका, तुम्हाला ओळखतो, भाडेकरू ओळखत नाही." यावर कोणी रागावलेलं मला आठवत नाही. ज्यांनी कागद दाखवायला टाळाटाळ केली, त्यांची घरं मी सोडून दिली.

पुढचा टप्पा कराराचा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं, ही समजूत आपल्याकडे फार पक्की बसली आहे. ती चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकांना मी दंडाची भीती घालत नाही, त्याच कलमातली दुसरी गोष्ट सांगतो. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तो म्हणाला भाडं पाच हजारच ठरलं होतं, तर ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. एवढं ऐकलं की मालक लगेच नोंदणीची चौकशी करतो.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क काढताना पूर्ण मुदतीचं भाडं धरायचं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज मिळवायचं आणि बेरजेच्या पाव टक्का काढायचा. वरच्या व्यवहारात अकरा महिन्यांचं भाडं १,२१,०००, डिपॉझिटचं व्याज साधारण ४,६००, म्हणजे शुल्क चारशेच्या आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. शिवाय ऑनलाइन करून देणाऱ्याची मजुरी. हा खर्च कोणी करायचा तेही पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. मी निम्मा-निम्मा लावतो.

नोंदणी आता घरी बसून होते. माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, आधारवर ओळख पटवतो. मालकीणबाई सत्तरीच्या. आयुष्यभर धुणं-भांडी स्वतः केलेला हात, अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या. मशीन चार वेळा नाही म्हणालं. मग त्यांनी कोमट पाण्यात हात धुतले, पदराला पुसले, बोटाला खोबरेल तेलाचा नुसता हात लावला आणि पाचव्या वेळी हिरवा दिवा लागला. साक्षीदारांचे अंगठे झाले आणि जोडप्याने तिथेच ४५,००० त्यांच्या खात्यावर पाठवले. पाच हजार टोकन आधीच गेलं होतं. त्यानंतर दोघांनी माझं कमिशन दिलं. तोवर मी पैशांचा विषय काढलाच नव्हता. काढायची गरज नव्हती. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची असते. ती ऑनलाइन देता येते आणि मालकांना जमत नाही म्हणून मीच बसून भरून देतो. अकरा महिन्यांनी करार पुन्हा झाला तेव्हा काही घेतलं नाही. घेणारे घेतात. मला ते पटत नाही, कारण त्या वेळी मी कोणालाही काही मिळवून दिलेलं नसतं.

पुराचं बोलायलाच हवं. तुमचा भाग उंचावर आहे, पण गिऱ्हाईक एकदा विश्वास ठेवायला लागलं की शाहूपुरी, नागाळा पार्कातलंही घर विचारतं. तळमजला असेल तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे मालकाला आणि दोन शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारा. नव्या रंगाखाली खूण दिसत नाही. जिन्याखालच्या न रंगवलेल्या भिंतीवर, मीटरच्या पेटीच्या मागे, लाकडी चौकटीच्या खालच्या भागात ती सापडते. बाहेरगावच्या माणसाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांना धोका धरतात हे माहीत नसतं. ते त्याला भाडं ठरण्याआधी कळलं पाहिजे. माझी अशी दोन-तीन गिऱ्हाइकं गेली. त्यातल्या एकाने नंतर तीन माणसं पाठवली, पण न पाठवता तरी मी सांगितलंच असतं. आपण स्थानिक म्हणून पैसे घेतो, तर स्थानिकाला जे माहीत असतं ते लपवून कसं चालेल?

आता विक्रीचं. जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीत माझ्या भागात एका बाजूकडून एक टक्का, कधी दोन, असं चालतं. जागेच्या व्यवहारात दोन टक्क्यांची बोली जास्त. पस्तीस लाखांच्या फ्लॅटला एक टक्का म्हणजे पस्तीस हजार. आकडा मोठा दिसतो आणि तिथेच पार्टटाइम माणूस हातघाई करतो. तुम्ही सुरुवातीची दोन वर्षं फक्त माणसं भेटवून द्या. किमतीची बोलणी, विसार पावती, साठेखत यांत वकील असू द्या. सर्च रिपोर्ट वकिलाने काढायचा. "टायटल क्लिअर आहे" हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही जाता कामा नये, कारण पुढे काही निघालं तर तेच वाक्य लोक तुमच्या नावावर सांगतात. गावठाणालगतचे गुंठ्याने विकले जाणारे तुकडे दाखवायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. त्यात बिगरशेती, तुकडेबंदी, सातबाऱ्यावरचे इतर हक्क असे प्रश्न असतात, आणि झेरॉक्सच्या दुकानातून ते सुटत नाहीत. विसाराची रक्कम रोखीत चालू द्यायची नाही, हेही लक्षात ठेवा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर आयकर कायद्यानुसार घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. विकणाऱ्याला हे आधी सांगणारा माणूस त्याच्या लक्षात राहतो.

तुमचं स्वतःचं कमिशनही खात्यावर घ्या आणि रिटर्नमध्ये दाखवा.

लायसन्सचं उत्तर कामागणिक बदलतं. भाड्याची घरं दाखवायला रेराची, म्हणजे बिल्डर आणि एजंटांसाठीच्या कायद्याखालची, नोंदणी लागत नाही. कायदा विक्रीच्या व्यवहारांबद्दल बोलतो. एका मालकाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या फ्लॅटलाही एजंटच्या नोंदणीचं कलम लागत नाही, कारण ते बिल्डर विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पापुरतं आहे. पण तुमच्या स्कीमवाल्याचं काम नेमकं त्यात बसतं. २०१६ च्या रेरा कायद्यात एजंटची जी व्याख्या आहे, तिच्यात मोबदला घेऊन खरेदीदार आणि विक्रेत्याची नुसती ओळख करून देणाराही येतो. "मी फक्त नाव सांगितलं, बोलणी त्यांनीच केली" ही सबब तिथे चालत नाही. नोंदणी नसताना काम केलं तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, तो वाढत वाढत त्या फ्लॅटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. चाळीस लाखांच्या फ्लॅटला दोन लाख, आणि तुम्हाला मिळणार होते पन्नास हजार.

नोंदणी करणं अवघड नाही. राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. ती पास होऊन अर्ज करायचा, नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते. मी ती केली, पण भाड्याचं काम करून पंधरा वर्षं झाल्यावर. वर्षाला दोन-तीन नवे फ्लॅट जातील एवढी गिऱ्हाइकं तुमच्याकडे आहेत असं दिसलं तरच त्या खर्चात पडा.

तोवर त्या स्कीमवाल्याला दोनच गोष्टी विचारा: प्रकल्पाचा महारेरा नंबर काय, आणि पन्नास हजार तो चेकने, कमिशन म्हणून लिहून देणार का. नंबर महारेराच्या वेबसाइटवर टाकला की मंजुरीची कागदपत्रं आणि ताबा द्यायची तारीख दिसते. प्रकल्प लहान असेल, जमीन पाचशे चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत, तर नोंदणीतून सूट असते. मग तो तसं सांगेल आणि मंजूर नकाशा दाखवेल. तो "रोख देतो, लिखापढी कशाला" म्हणाला, तर तुमच्या दुकानात झेरॉक्सला येणाऱ्या एकाही मास्तरांना तिकडे पाठवू नका.

जूनचे प्रवेश सुरू व्हायला वेळ आहे तोवर वही घाला. तुमच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांत जाता येईल तेवढाच भाग घ्या आणि पहिल्या पंधरा मालकांचे कागद बघून या. त्या पाच-सहा जुन्या लोकांपैकी कोणी पुन्हा घर विचारायला आलं, तर आधी मेसेज पाठवा आणि त्यांचं 'ओके' आल्यावरच किल्ली घ्या.